रोजा सोडायची भीती

मागच्या रमजानमध्ये मी माझ्या भाच्याचं चारचौघांत कौतुक केलं होतं. सोळा वर्षांचा पोरगा, सोलापूरचा मार्च-एप्रिलचा उन्हाळा, आणि तीसच्या तीस रोजे. वर रोज तरावीह. ईदनंतर शव्वालचे सहा रोजेही त्याने धरले, आणि पुढे सोमवार-गुरुवारचे नफिल रोजे सुरू केले. मी माझ्या मुलाला म्हणालो, "बघ, दादाकडून काहीतरी शीक." हे वाक्य आज आठवलं की मला माझीच लाज वाटते. कारण ते पोरगं रोजे धरत नव्हतं. ते उपाशी राहत होतं, आणि उपाशी राहायला आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला एक इज्जतदार जागा करून दिली होती.

हा लेख त्याला विचारून लिहितो आहे. "नाव बदल, बाकी लिही मामू," असं तो म्हणाला. म्हणून इथे त्याला समीर म्हणू.

समीर लहानपणापासून अंगाने भरलेला. दहावीत असताना त्याचं वजन 84 किलो होतं, उंची 174 सेंटिमीटर. वर्गात त्याला काय काय म्हणायचे ते मी शिक्षक असल्यामुळे न विचारताही ओळखू शकतो. दहावी झाल्यावर जुलैमध्ये त्याने जिम लावली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मुलगा मोबाइल सोडून घाम गाळतोय, सिगारेट-गुटख्याच्या वाटेला जात नाही, यापेक्षा आईबापांना काय हवं? आधी साखर बंद झाली, मग तेलकट, मग भात, मग चपाती. चिकन तो स्वतः उकडून घ्यायचा आणि छोट्या काट्यावर तोलून खायचा. अंड्यातलं पिवळं आमच्या मांजरीला. आपा कधी कुरकुरली तर तो म्हणायचा, "अम्मी, कटिंग चालू आहे." जिममधल्या पोरांच्या भाषेत कटिंग म्हणजे अंगावरची चरबी उतरवून स्नायूंच्या रेषा दिसतील असं करणं.

इथेच आम्ही पहिल्यांदा चुकलो. खाण्याचा आजार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादी काडीसारखी मुलगी येते, जिला आणखी बारीक व्हायचं आहे. समीरला बारीक व्हायचं नव्हतंच. त्याला छाती रुंद, दंड मोठे आणि पोटावर सहा चौकोन हवे होते. बारीक झालास असं कोणी म्हटलं तर त्याला वाईट वाटायचं. मुलांमध्ये हे बरेचदा असं असतं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये शरीरसौष्ठव करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास केला. त्यांना असे लोक भेटले जे चांगले पिळदार असूनही स्वतःला किरकोळ समजत आणि सैल कपड्यांखाली अंग लपवत. पुढे 1997 मध्ये या अवस्थेला मसल डिसमॉर्फिया हे नाव मिळालं. समीरचा आजार नेमका तो नव्हता, पण त्याच गल्लीतला होता. आरशात मुलीला जिथे चरबी दिसते, तिथे त्याला रेषा न दिसणं दिसत होतं. औषध मात्र दोघांनी एकच शोधलं होतं, खाणं कमी करणं.

रमजान आला तेव्हा त्याचं वजन 70 वर आलं होतं. इफ्तारच्या वेळचं दृश्य मला अजून आठवतं. दस्तरखानावर फळं, भजी, रूहअफजा. समीर अर्धा तास आधीपासून स्वयंपाकघरात. भजी तोच तळायचा, फळं तोच चिरायचा, कोणाच्या ताटात काय कमी आहे ते तोच बघायचा. रात्री बिर्याणीचे आणि मिठायांचे व्हिडिओ तासन् तास बघायचा. आम्ही म्हणायचो, पोराला खाण्याची किती हौस! अजान झाली की तो एक खजूर तोंडात टाकून पाणी प्यायचा आणि मगरीबला मशिदीत पळायचा. परत आल्यावर आपाने ताट पुढे केलं की उत्तर ठरलेलं असायचं, "मस्जिद में खाया अम्मी." मशिदीतला कोणी विचारायचा तर, "घरी जेवून आलो." सहरीला उकडलेल्या अंड्यांचं पांढरं. ईदच्या शीरखुर्म्याच्या वाटीला त्याने बोट लावलं नाही. "मीठा नक्को," म्हणाला.

ही स्वयंपाकाची हौस कुठून येते हे मला नंतर कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेले 36 धडधाकट तरुण स्वेच्छेने त्यात आले. त्यांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं गेलं. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने उतरलं. त्यांना सतत थंडी वाजायची, नाडी मंद झाली, चिडचिड वाढली, बाईबद्दलची ओढ संपली. आणि जे पुरुष पूर्वी स्वयंपाकघरात फिरकले नसतील, ते पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, तासभर एकच ताट पुरवून खाऊ लागले. म्हणजे डोक्यात चोवीस तास अन्न फिरणं ही खवय्येगिरी नाही, भुकेल्या मेंदूची हाक आहे. गंमत म्हणजे ॲनोरेक्सिया या शब्दाचा अर्थ भूक न लागणं. समीरला भूक लागत होती. इतकी की तो दुसऱ्यांना खाऊ घालून ती भागवायचा प्रयत्न करत होता.

मे महिन्यात सोलापूरचं तापमान बेचाळीसच्या पुढे गेलं, आणि हा पोरगा रात्री पंखा बंद करून गोधडी घेऊन झोपायचा. महिन्याच्या शेवटच्या जुम्याला सजद्यातून उठताना तो मशिदीत कोसळला. लोकांनी पाणी मारलं, रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. सलाइन लावलं. रक्त तपासलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. वजन 57 किलो. भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे त्याच्या उंचीला ते योग्य वजनात बसत होतं, अगदी खालच्या टोकाला, पण बसत होतं. नाडी मिनिटाला 44 आली. "व्यायाम करतोस ना? खेळाडूंचे ठोके कमीच असतात," असं सांगून त्यांनी घरी पाठवलं.

डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते म्हणाले त्यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर खरीच होती. पण ती जोडून बघायला हवी होती. 57 किलो हा आकडा 84 वरून आला होता. दहा-अकरा महिन्यांत शरीराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता. पूर्वी जाड असलेला मुलगा इतका उतरतो तेव्हा त्याच्या हृदयाची आणि मेंदूची अवस्था हाडाडलेल्या रुग्णासारखी होऊ शकते, पण तो दिसतो मात्र नीटनेटका. उलट लोक म्हणतात, काय मस्त बॉडी झाली रे. म्हणून वजन आज किती आहे याच्याइतकंच ते कुठून आणि किती वेगाने आलं हे विचारावं लागतं.

नाडीचं कोडं माझ्या बायकोने सोडवलं. ती नर्स आहे. दोन दिवसांनी आपाकडे गेलो होतो. समीर पलंगावर पडलेला. हिने बोलता बोलता मनगट धरलं, घड्याळ बघितलं, 44. मग त्याला म्हणाली, "उभा राहा बेटा, भिंतीला टेकू नको." दोन मिनिटांनी पुन्हा मोजली, 92. तो भिंत शोधत होता. परत येताना रस्त्यात ती मला म्हणाली, "खेळाडूचं हृदय असं करत नाही." पळणाऱ्या पोराची नाडी मंद असते कारण त्याचं हृदय ताकदवान असतं. उभं राहिल्यावर ती थोडीच वाढते. उपाशी शरीर मात्र इंधन वाचवायला नाडी खाली आणतं, आणि उभं राहण्याएवढं काम पडलं तरी त्याची धांदल उडते. सजद्यातून उठताना समीर पडला तो याच कारणाने. उन्हाचं निमित्त झालं एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरांनी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी घेतली. ही चाचणी जगभर वापरली जाते. पाचांपैकी दोन उत्तरं हो आली तर पुढे तपासायचं. मुद्दाम उलटी करतोस का? नाही. खाण्यावरचा ताबा सुटतो असं वाटतं का? नाही, उलट माझा कंट्रोल चांगला आहे. तीन महिन्यांत साडेसहा किलोच्या आसपास वजन कमी झालं का? हो. लोक बारीक म्हणत असताना तुला स्वतः जाड वाटतं का? नाही, कट्स दिसत नाहीत एवढंच. अन्नाने तुझं आयुष्य व्यापलंय असं म्हणशील का? नाही, मी शिस्तीत खातो. एकच हो. समीर खोटं बोलत नव्हता. प्रश्न ज्या आजाराच्या चेहऱ्यावरून बेतले होते, तो चेहरा त्याचा नव्हता.

मग मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी वेगळंच विचारलं. एक दिवस जिम चुकली तर काय होतं? "झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी डबल करतो." भाजीत तेल किती घातलंय हे माहीत नसेल तर? "खात नाही." लग्नात शेवटचं कधी जेवलास? तो बराच वेळ गप्प राहिला. "गेल्या वर्षी." पोट आरशात दिवसातून किती वेळा बघतोस? त्याने खाली मान घातली. मग त्यांनी आम्हाला बाहेर पाठवून आणखी एक प्रश्न विचारला. तो काय होता हे मला समीरने फार नंतर सांगितलं.

मुलगी अशी उपाशी राहू लागली की बहुधा तिची पाळी बंद होते, आणि आई घाबरते. निदानाच्या पुस्तकातही वयात आलेल्या मुलींसाठी हा निकष लिहिलेला होता. अमेरिकेतल्या मानसोपचार संघटनेने 2013 च्या आवृत्तीत तो काढला. पण मुलाच्या शरीरातही तसंच घडतं, पुरुषी हार्मोन खाली येतं. सकाळी उठताना मुलांना जे होतं ते होत नाही, दाढी-मिशीची वाढ मंदावते, त्या वयातल्या ओढीच मरतात. मॅडमनी तेच विचारलं होतं. पाच-सहा महिन्यांपासून हे चालू होतं. समीरने ते कोणाला सांगायचं होतं? अम्मीला? अब्बूला? मला? आमच्या घरांत अशा गोष्टींना शब्दच नाहीत. उलट त्याला वाटत होतं की हे रोज्यांचं फळ आहे, नफ्स काबूत आलाय.

निदान ॲनोरेक्सियाचं झालं. वजन तक्त्यात बसत असल्यामुळे त्याला अटिपिकल म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा असा शब्द पुढे जोडतात. मॅडम म्हणाल्या, "शब्दाने फसू नका, धोका कमी नाहीये." आपाने विचारलं, "पण डॉक्टर, हे तर पोरींना होतं ना?" हा आजार पोरांना नवीन नाही. 1689 मध्ये लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्याने क्षयावरच्या आपल्या ग्रंथात अशा दोन रुग्णांची हकीकत लिहिली. या आजाराच्या पहिल्या वैद्यकीय वर्णनांत ती मोजली जाते. त्यातली एक मुलगी होती आणि दुसरा एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा. मुलगा त्या पहिल्या पानावरच होता. नंतर तो लोकांच्या नजरेतून निसटला.

समीर सोळा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. पहिल्याच संध्याकाळी आमच्या मोठ्या भावाने बिर्याणीचा डबा नेला. आता खूप खाऊ घालू, पोरगं आठवड्यात उभं राहील, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी डबा दारातच थांबवला. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की ते पचवण्यासाठी रक्तातलं फॉस्फरस पेशींत ओढलं जातं. रक्तातलं कमी झालं की हृदय अडखळू शकतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी बी-वन जीवनसत्त्व, मग मोजून थोडं थोडं अन्न, दर दोन दिवसांनी वाढवत, आणि रोज रक्ततपासणी. तिसऱ्या दिवशी समीरचं फॉस्फरस खाली आलंच. वेळेवर औषध दिलं गेलं. आधीचे रिपोर्ट नॉर्मल होते याचा अर्थ तेव्हा मला कळला. शरीर शेवटपर्यंत रक्ताचं खातं सांभाळत राहतं. खाणं सुरू झाल्यावर खरी कमतरता उघडी पडते.

घरी आल्यावरचा काळ जास्त कठीण गेला. नियम साधा होता. दिवसातून तीन जेवणं, दोन वेळा मधलं खाणं, काय आणि किती ते आईबाप ठरवणार, आणि संपेपर्यंत कोणीतरी शेजारी बसणार. काटा घरातून गेला. नाडी आणि वजन स्थिरावेपर्यंत जिम बंद. मेहुण्यांचं शिलाईचं दुकान आहे. वीस वर्षांत ते दुपारी घरी जेवायला आले नव्हते. आता रोज दोन वाजता शटर ओढून येऊ लागले. पहिल्या आठवड्यात ते म्हणायचे, "मर्द आहेस ना, मग खा की!" समीर ताट सरकवून उठायचा. डॉक्टरांनी त्यांना हे वाक्य बंद करायला लावलं. मर्द दिसण्यासाठीच तर तो इथवर आला होता. मग मेहुणे फक्त शेजारी बसून आपलं ताट संपवू लागले. अर्ध्या भाकरीवरून पाऊण तास जायचा. कधी तो रडायचा, कधी शिव्या द्यायचा. मेहुणे तेवढंच म्हणायचे, "मी बसलोय."

रोज्याचं काय, हा प्रश्न समीरनेच काढला. डॉक्टर सांगतील ते त्याला पुरेसं नव्हतं, म्हणून मी त्याला इमामसाहेबांकडे नेलं. त्यांनी सूरह बकराच्या 185 व्या आयतीची आठवण दिली. आजारी माणसाला त्यात सवलत आहे, नंतरच्या दिवसांत रोजे भरून काढता येतात, आणि आजार हटत नसेल तर फिदया आहे. "हा माझा हुकूम नाही बेटा, जिथून रोजा आला तिथूनच ही सवलत आली," असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मगरीबची अजान ऐकून तुला काय वाटायचं?" समीर म्हणाला, "भीती. आता खावं लागेल याची."

मी तिथेच बसलो होतो. चाळीस वर्षं रोजे धरतोय. दुपारी तीननंतर माझं लक्ष घड्याळाकडे असतं, अजानचा पहिला शब्द कानावर पडला की अंगातून सुखाची लहर जाते. रोजा धरणारा माणूस त्या क्षणाची वाट बघतो. माझ्या शेजारी बसून तीस दिवस एक पोरगा त्याच क्षणाला घाबरत होता आणि मला ते दिसलं नाही. दिवसभर कोण उपाशी राहिलं यावरून काहीच कळत नाही. अजान झाल्यावर कोण जेवलं, ते बघायला हवं होतं.

आता वर्गात मी वेगळ्या नजरेने बघतो. जिमला जातो म्हणून कोणी आजारी ठरत नाही, नफिल रोजे धरतो म्हणूनही नाही. पण एखादा पोरगा काही महिन्यांत झपाट्याने उतरतो, चौघांत जेवायचं टाळतो, मधल्या सुट्टीत ग्राउंडला फेऱ्या मारतो, उन्हात स्वेटर घालतो, बाकावरून उठताना टेबल धरतो, तेव्हा मी त्याच्या आईबापांना बोलावतो. "तो जाड समजतो का स्वतःला?" असं मी विचारत नाही. "तो शेवटचा तुमच्याबरोबर पोटभर कधी जेवला?" असं विचारतो. बरेच आईबाप हसून उत्तर देतात. दोन वेळा असं झालं की आईने उत्तरच दिलं नाही.

या रमजानमध्ये समीरने रोजे धरले नाहीत. वजन 68 आहे, झोपून नाडी 62. पूर्ण बरा झालाय असं मी म्हणणार नाही. तेलाचा तवंग दिसला की अजून त्याचा हात थांबतो, आणि जिमचा विषय निघाला की घरात आवाज चढतात. पण दुपारी दोनला बापलेक पडदा ओढून जेवायला बसायचे. मेहुण्यांचा स्वतःचा रोजा असायचा, ते नुसते शेजारी बसायचे. ईदच्या दिवशी मी गेलो तेव्हा समीरच्या हातात शीरखुर्म्याची अर्धी वाटी होती. ती संपवायला त्याला वीस मिनिटं लागली. मी काही बोललो नाही. माझी वाटी घेऊन तेवढाच वेळ लावला.